ड्रॉबॅकचे टेबल: सरासरी दर घ्यायचा की आपला स्वतःचा?

निर्यातीच्या कामात नव्याने आलेल्यांना पहिल्या महिन्यातच कोणीतरी सांगते, "ड्रॉबॅक काय, तो आपोआप खात्यात येतो." हे अर्धे खरे आहे. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीच्या मालाचे सीमाशुल्क खात्याला दिलेले घोषणापत्र, नीट भरले तर वेगळा अर्ज न करता पैसे येतात. पण जेवढे यायला हवेत तेवढे येतात का, हे कोणी आपोआप बघत नाही. ते बघण्याचे काम ड्रॉबॅकच्या टेबलावर बसणाऱ्याचे असते. मी आधी न्हावा शेव्याच्या बाजूला एका सीएचएकडे, म्हणजे कस्टम हाउस एजंटकडे होते, आता एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याच्या एक्स्पोर्ट विभागात आहे. दोन्हीकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला: सरकारने ठरवलेला सरासरी दर घ्यायचा, की आपण खरोखर भरलेल्या शुल्काचा हिशेब मांडून आपला दर मागायचा? या लेखात फक्त त्याच प्रश्नाबद्दल.

आधी ड्रॉबॅक म्हणजे नेमके कशाचे पैसे, ते स्पष्ट करू. कारखान्याने परदेशातून स्टीलचा बार आणला की त्यावर मूळ सीमाशुल्क लागते, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार लागतो आणि वर आयजीएसटी. त्या बारचा व्हॉल्व्ह झाला आणि तो परदेशी गेला, तर सीमाशुल्क आणि अधिभार हा खर्च किमतीत अडकून जातो. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ७५ खाली हे अडकलेले शुल्क परत मिळते. (कलम ७४ वेगळे. आयात केलेला माल जसाच्या तसा परत बाहेर पाठवला तर ते लागू होते. मुलाखतीत हा फरक हमखास विचारतात.)

आयजीएसटी यात येत नाही. जीएसटीच्या आधी ड्रॉबॅकमध्ये उत्पादनशुल्क आणि सेवाकरही मोजला जायचा, त्यामुळे सेनव्हॅट, म्हणजे भरलेल्या उत्पादनशुल्काची वजावट, घेतली की नाही यावर दोन वेगळे दर असत. १ ऑक्टोबर २०१७ पासून नवे ड्रॉबॅक नियम आले आणि दर मुख्यतः सीमाशुल्कापुरता उरला. जीएसटीचा परतावा जीएसटीच्या खिडकीतून, आणि जे कर कुठूनच परत मिळत नाहीत, म्हणजे डिझेलवरचा व्हॅट, वीजशुल्क वगैरे, त्यांचा काही भाग रोडटेप या सरकारी योजनेतून. तिथे रोख पैसे येत नाहीत, ई-स्क्रिप म्हणजे इलेक्ट्रॉनिक क्रेडिट येते. ती सीमाशुल्क भरायला वापरता येते किंवा विकता येते. रोडटेपसाठी शिपिंग बिलात प्रत्येक आयटमपुढे RODTEPY असे लिहावे लागते, RODTEPN पडले तर हक्क सोडला असा अर्थ होतो. तिन्ही खिडक्यांचे हिशेब नवे लोक एकत्र करून ठेवतात आणि मग ताळेबंदावेळी कोणता पैसा कशाचा हे कोणालाच सांगता येत नाही. पहिल्या दिवसापासून तीन वेगळ्या शीट ठेवा.

आता सरासरी दर. याला सगळे 'ऑल इंडस्ट्री रेट' म्हणतात, कागदोपत्री एआयआर. सरकार उद्योगांकडून, निर्यात प्रोत्साहन परिषदांमार्फत माहिती मागवते: अमुक वस्तूत साधारण किती आयात कच्चा माल जातो, त्यावर सरासरी किती शुल्क पडते. त्यावरून प्रत्येक टॅरिफ आयटमला एफओबी किमतीच्या, म्हणजे जहाजभाडे आणि विमा सोडून मालाच्या किमतीच्या, इतके टक्के असा दर ठरतो आणि काही मालाला नग किंवा किलोमागे कमाल मर्यादाही असते. टक्केवारीने आलेली रक्कम कमाल मर्यादेच्या वर गेली तर मर्यादेएवढेच मिळते. म्हणून शेड्यूल बघताना शेवटचा रकाना वाचायचा राहू देऊ नका.

या दराचा मोठा गुण म्हणजे तो पुरावा मागत नाही. तुम्ही बार जर्मनीहून आणला, रायगडच्या व्यापाऱ्याकडून घेतला की देशी गिरणीचा वापरला, हे एआयआर घेताना दाखवावे लागत नाही. शिपिंग बिल हाच अर्ज समजला जातो. त्यामुळे ज्याने काहीच आयात केले नाही त्यालाही सरासरी मिळते, आणि ज्याने भरपूर शुल्क भरले त्यालाही तेवढीच. पहिला खुशीत असतो. दुसऱ्याचे नुकसान होते आणि बऱ्याचदा त्याला ते कळतही नाही.

त्या दुसऱ्यासाठी ड्रॉबॅक नियमांतला नियम ७ आहे. आपण प्रत्यक्ष भरलेल्या शुल्काच्या ८० टक्क्यांपेक्षा एआयआर कमी पडत असेल, तर आपल्या मालापुरता खास दर ठरवून मागता येतो. यालाच 'ब्रँड रेट' म्हणतात; ब्रँडशी त्याचा काही संबंध नाही, तो तुमच्या मालाचा दर एवढेच. (ज्या मालाला शेड्यूलमध्ये दरच नाही त्यासाठी नियम ६ आहे, कागद जवळपास तेच.)

एक उदाहरण पूर्ण करून बघू. आकडे मी सोयीसाठी घेतलेले आहेत, तुमच्या मालाचे दर चालू अधिसूचनेतून घ्या. समजा १,००० स्टेनलेस स्टील व्हॉल्व्ह निर्यात करायचे आहेत. एफओबी किंमत ४०,००,००० रुपये. एका व्हॉल्व्हला ९ किलो आयात बार लागतो, त्यातले ६ किलो व्हॉल्व्हमध्ये जाते आणि ३ किलो टर्निंग म्हणजे लेथवर निघालेला चुरा. म्हणजे एकूण ९,००० किलो बार. आयातीच्या वेळची मूल्यांकन किंमत किलोमागे २२० रुपये धरली तर माल १९,८०,००० रुपयांचा. मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के समजू, म्हणजे १,४८,५०० रुपये. त्यावर १० टक्के अधिभार १४,८५०. दोन्ही मिळून १,६३,३५०.

नवा माणूस इथेच थांबतो आणि हा आकडा अर्जात टाकतो. पण तो ३ किलो चुरा भंगारवाल्याला विकला जातो. जे देशातच विकले गेले त्यावरचे शुल्क निर्यातीचे म्हणून मागता येत नाही. समजा चुऱ्याला किलोमागे ७० रुपये मिळतात. ३,००० किलोचे २,१०,००० रुपये झाले, त्यावर त्याच दराने, म्हणजे साडेसात आणि अधिभाराचे पाऊण मिळून ८.२५ टक्क्यांनी, १७,३२५. ते वजा केले की हाती १,४६,०२५ रुपये राहतात. भंगाराची बिले लेखा विभागात असतात, एक्स्पोर्टवाल्याकडे नसतात, म्हणून हा आकडा सर्वात उशिरा मिळतो. आणि अधिकारी सर्वात आधी तोच विचारतात, कारण कारखान्यात चुरा निघतो हे त्यांनाही माहीत असते.

आता तुलना. शेड्यूलमध्ये या मालाला दीड टक्का दर आहे असे धरले तर एआयआर ६०,००० रुपये येतो. १,४६,०२५ चे ८० टक्के म्हणजे १,१६,८२०. एआयआर त्याच्या बराच खाली आहे, म्हणजे नियम ७ चे दार उघडे आहे. फरक ८६,०२५ रुपयांचा. एका खेपेला एवढा, आणि वर्षात अशा खेपा अनेक. उलट एआयआर सव्वा लाख रुपये आला असता तर ८० टक्क्यांची अट पूर्ण झाली नसती, आणि शुल्क त्याहून जास्त भरलेले असूनही फरक सोडून द्यावा लागला असता.

हिशेबाआधी एक गोष्ट तपासून घ्या: शुल्क खरोखर भरले होते का? हाच बार कोरिया किंवा जपानहून मुक्त व्यापार कराराचे मूळ प्रमाणपत्र लावून शून्य दराने आला असेल, तर भरलेले शुल्क शून्य, आणि ब्रँड रेटही शून्य. ॲडव्हान्स ऑथोरायझेशनवर शुल्क न भरता आणलेल्या मालाचेही तेच. खरेदी विभाग आनंदाने सांगतो की यावेळी माल स्वस्त पडला, आणि तुमचा सगळा हिशेब त्या वाक्याने बदलतो. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचे घोषणापत्र, स्वतः उघडून शुल्काचा रकाना वाचा, कोणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

कारखान्यात वारंवार तोच माल त्याच प्रमाणात आयात होत असेल तर आधीच ॲडव्हान्स ऑथोरायझेशन घेणे बहुधा बरे, शुल्कात पैसा अडकत नाही. पण तिथे ठरलेल्या मुदतीत निर्यात करण्याचे बंधन अंगावर येते, आणि ऑर्डर रद्द झाली तर न भरलेले शुल्क व्याजासह भरायची पाळी येते. ज्यांच्या ऑर्डरी अनिश्चित, त्यांच्यासाठी आधी शुल्क भरून नंतर ब्रँड रेट मागणे मला जास्त सुरक्षित वाटते. मालकांना हे पटवणे अवघड जाते, कारण त्यांना रोकड दिसते, जोखीम दिसत नाही.

आता पुरावा, कारण ब्रँड रेटची खरी मेहनत तिथेच आहे. अर्जासोबत डीबीके, म्हणजे ड्रॉबॅकची ठरावीक विवरणपत्रे भरायची असतात. एकात प्रत्येक नगाला कोणता माल किती लागला, किती वाया गेला, त्यातला विकता येणारा किती. दुसऱ्यात तो माल कोणत्या बिल ऑफ एन्ट्रीने, किती किमतीला, किती शुल्क भरून आला. या दोन कागदांच्या मध्ये एक दरी असते: हाच बार याच व्हॉल्व्हमध्ये गेला हे कशावरून? गोदामात आयात बार आणि देशी बार शेजारी शेजारी पडलेले असतात. स्टोअरची नोंद फक्त 'एसएस बार, ६० मिमी' एवढीच असेल तर अधिकाऱ्याला ती पुरेशी वाटणार नाही, आणि त्यात त्याचे काही चूक नाही.

व्हॉल्व्हच्या धंद्यात यावर एक तयार उपाय असतो, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भट्टीतून निघणाऱ्या स्टीलच्या प्रत्येक बॅचला गिरणी हीट नंबर देते. तो मिल टेस्ट सर्टिफिकेटवर असतो, बारच्या टोकावर ठोकलेला असतो, आणि परदेशी ग्राहक मागतो म्हणून क्वालिटी विभाग तोच नंबर व्हॉल्व्हच्या बॉडीवर आणि तपासणी प्रमाणपत्रात पुढे नेतो. मग साखळी अशी जुळते: बिल ऑफ एन्ट्री, तिच्या इनव्हॉइससोबतचे मिल सर्टिफिकेट, त्यावरचा हीट नंबर, स्टोअरची इश्यू स्लिप, तपासणी प्रमाणपत्र, निर्यातीचे इनव्हॉइस. मी कारखान्यात आल्यावर क्वालिटीच्या माणसाशी पहिली ओळख याच कामासाठी करून घेतली. आमचे फाइलमधले वाद त्यामुळे बरेच कमी झाले. तुमचा माल वेगळा असेल, कापड, औषध, रबर, तर तिथे लॉट नंबर किंवा बॅच नंबर हेच काम करतो. तो कुठल्या टेबलावर अडतो ते शोधून काढा.

दुसरा अडथळा बीओएमचा, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या मालाच्या यादीचा. डिझाइन विभागाच्या कागदावर बार ८.४ किलो लिहिलेला असतो, शॉपफ्लोअरवर ९ किलो जातो कारण कापणीत टोके वाया जातात. अर्जात कोणता आकडा लिहायचा? प्रत्यक्ष खपाचा, आणि त्याला उत्पादनाच्या नोंदींचा आधार हवा. पडताळणीला माणूस आला तर तो वजनकाटा मागतो आणि समोर एक नग तयार करून बघतो. अशा वेळी काटा चालू असावा, आणि मशीनवरच्या कामगाराला कोण येणार आहे ते आधी सांगितलेले असावे. नाहीतर तो घाबरून साहेबांना विचारा एवढेच म्हणत राहतो.

आता वेळेचा मुद्दा, ज्याच्यावर बाकी सगळे अवलंबून आहे. नियम ७ मध्ये एक अट शांतपणे बसलेली आहे: ज्या मालावर नियम ३ खाली, म्हणजे एआयआरने, ड्रॉबॅक मागितला गेला आहे, त्यावर ब्रँड रेट मागता येत नाही. म्हणजे निर्णय माल गेल्यावर होत नाही, शिपिंग बिल भरतानाच होतो. सीएचएकडे असताना एका ग्राहकाचे प्रकरण बघितले. त्यांच्या कारकुनाने नेहमीच्या सवयीने आयटमपुढे एआयआरचा अनुक्रमांक भरून पाठवला, आमच्याकडून चेकलिस्ट, म्हणजे शिपिंग बिलाचा तपासायचा मसुदा, गेली, त्यांच्याकडून होकार आला. दोन महिन्यांनी त्यांच्या सल्लागाराने ब्रँड रेटचा हिशेब काढला. आकडा चांगला होता, कागदही चांगले होते, पण शिपिंग बिलात एआयआर मागून झाला होता. त्यानंतर दुरुस्ती मागणे म्हणजे वकिलाची फी.

म्हणून चेकलिस्ट आली की मी तीन रकाने बोट ठेवून वाचते: ड्रॉबॅकचा अनुक्रमांक, रोडटेपचा कोड आणि एफओबी. एफओबी यासाठी की इनव्हॉइस सीआयएफ असेल तर भाडे आणि विमा वजा करून मगच टक्केवारी लागते. परदेशी एजंटाचे कमिशन असेल तर साडेबारा टक्क्यांपर्यंत चालते, त्यावरचे एफओबीतून वजा होते. ब्रँड रेट मागायचा ठरला असेल तर शिपिंग बिलातच तसा उल्लेख करून घ्या. नंतर तीन महिने मोजायला सुरुवात करा, लेट एक्स्पोर्ट ऑर्डरच्या, म्हणजे माल बाहेर पाठवायला सीमाशुल्काने दिलेल्या परवानगीच्या तारखेपासून. तीन महिन्यांत अर्ज गेला नाही तर आणखी तीन महिने मागता येतात, त्यासाठी एफओबीच्या १ टक्का किंवा १,००० रुपये यातले जे कमी ते शुल्क. त्याही पुढे आयुक्तांकडून सहा महिने, २ टक्के किंवा २,००० यातले कमी ते भरून. शुल्क किरकोळ आहे. पण उशिराचे कारण पटवावे लागते आणि "विसरलो" हे कारण चालत नाही. अर्ज ज्या बंदरातून किंवा विमानतळावरून माल गेला तिथल्या सीमाशुल्क आयुक्तांकडे जातो, कारखाना ज्या हद्दीत आहे तिथल्या नाही. कोल्हापूरच्या कारखान्याची फाइल न्हावा शेव्याला जाते ती यामुळे.

एआयआरचे पैसे अडकले तर कारण बहुधा साधे असते. जहाजवाल्याने भरलेल्या ईजीएममध्ये, म्हणजे जहाजावर चढलेल्या मालाच्या यादीत, पेट्यांची संख्या किंवा कंटेनर नंबर शिपिंग बिलाशी जुळत नाही, आणि माल खरोखर गेला हे यंत्रणेला पटत नाही. आयसीडीतून, म्हणजे बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोतून, माल गेला असेल तर रेल्वे किंवा ट्रकची नोंद आणि बंदरावरचे ईजीएम अशा दोन ठिकाणी जुळावे लागते. दुसरे कारण बँक खाते: बँकेचा एडी कोड कस्टम्सकडे नोंदलेला नसतो, किंवा बँकेचे विलीनीकरण होऊन आयएफएससी बदललेला असतो. तिसरे म्हणजे अधिकाऱ्याने प्रश्न विचारलेला असतो आणि तो आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर उत्तराची वाट बघत पडलेला असतो, कारण लॉगिन ज्याच्याकडे होते तो नोकरी सोडून गेला. ही तीन दारे आधी ठोठावा, मग कस्टम हाउसला फोन करा.

पैसे आले की फाइल बंद होत नाही. परदेशी ग्राहकाने रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या मुदतीत पैसे पाठवले पाहिजेत. नाही पाठवले तर मिळालेला ड्रॉबॅक परत करावा लागतो, आणि ग्राहकाने अर्धेच पाठवले तर तेवढ्या प्रमाणात. इथे व्याजाचा दर बघण्यासारखा आहे. सरकारने पूर्ण अर्जावर महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर तुम्हाला वर्षाला ६ टक्के व्याज मिळते. तुमच्याकडे चुकून गेलेला ड्रॉबॅक परत मागितला तर व्याज १५ टक्के, तेही पैसे मिळाल्याच्या दिवसापासून. म्हणून आम्ही ड्रॉबॅकच्या शीटमध्ये शेवटचा रकाना ई-बीआरसीचा, म्हणजे ग्राहकाचे पैसे आल्याच्या बँकेच्या प्रमाणपत्राचा, ठेवतो आणि तो भरेपर्यंत ओळ पिवळी राहते. ग्राहकाने गुणवत्तेची तक्रार करून काही रक्कम कापली की विक्री विभाग त्याला सूट देऊन मोकळा होतो, पण ड्रॉबॅकच्या शीटवर त्याचा परिणाम होतो हे त्यांना कोणीतरी सांगावे लागते. ते काम तुमचे.

ज्यांना या कामात यायचे आहे त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगते. सीएचएकडे सुरुवात केली तर पगार कमी असतो, पण दिवसाला वेगवेगळ्या मालाची शिपिंग बिले हाताखालून जातात. तिथे कस्टम्समध्ये काम करण्यासाठी आधी एच कार्ड मिळते, पुढे कस्टम्सची परीक्षा देऊन जी कार्ड. कारखान्यात सुरुवात केली तर एकाच मालाची खोली कळते, बीओएम आणि भंगार कळते. ब्रँड रेटसाठी दुसरी बाजू जास्त लागते, आणि ती येणारी माणसे कमी आहेत. वाणिज्य शाखेची पदवी पुरते. लेथच्या शेजारी उभे राहून चुऱ्याचे वजन विचारायला लाज वाटली नाही पाहिजे.

नवीन ठिकाणी रुजू झालात तर पहिल्या आठवड्यात गेल्या वर्षातल्या तीन मोठ्या खेपा निवडा. प्रत्येकीचे शिपिंग बिल, तिच्या कच्च्या मालाच्या बिल ऑफ एन्ट्री आणि भंगाराची बिले मागवा, आणि वर दाखवला तसा हिशेब मांडा. एआयआर भरलेल्या शुल्काच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर तशी नोंद करून फाइल ठेवून द्या, पुन्हा तपासायचे ते शेड्यूल बदलल्यावर किंवा पुरवठादार बदलल्यावर. खाली असेल तर ज्या खेपांवर एआयआर मागून झाला त्यांचा नाद सोडा. पुढच्या खेपेची चेकलिस्ट यायच्या आधी सीएचएला लेखी मेल पाठवा, की या आयटमवर एआयआर भरू नये.